दूरच्या पाहुण्यांची मुलाखत : दोन्ही बाजूंचा आवाज स्वच्छ कसा रेकॉर्ड करावा?

घरातल्या, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांच्या मुलाखती घेऊन ठेवायचं काम आता बऱ्याच कुटुंबांत सुरू झालं आहे. मुलं एका शहरात, आजोबा गावी, मामू आखातात, त्यामुळे समोरासमोर बसणं जमत नाही आणि मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते. कॉल चालू असताना सगळं ठीक वाटतं. नंतर रेकॉर्डिंग ऐकायला बसलं की निम्मी वाक्यं तुटलेली, आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि मागे पंख्याची घरघर असते.

आमचंही असंच झालं होतं. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात आमचे दूरच्या नात्यातले चाचा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तीस वर्षांहून जास्त काळ ते मालवाहू जहाजांवर खलाशी होते. आम्ही पुण्यातून व्हिडिओ कॉल लावला आणि कॉलचंच रेकॉर्डिंग केलं. जपानच्या कोबे बंदरात त्यांना घरचं पत्र मिळालं आणि आई वारल्याची खबर कळली, ती हकीकत त्यांनी सांगितली. आईने त्यांच्यासाठी शेवटचा निरोप ठेवला होता. नेमकं तिथे त्यांचा आवाज खाली आला, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी फक्त खरखर आहे. कॉलवर आम्हाला वाटलं, ऐकू नाही आलं तरी रेकॉर्ड तर झालंच असेल. पण कॉलवर जे पोचलं नव्हतं ते रेकॉर्डिंगमध्ये येणार तरी कुठून?

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा मुलाखत घेतली. या वेळी पद्धत बदलली. तीच पद्धत इथे सविस्तर देत आहोत. महाग माइक नाही, स्टुडिओ नाही. लागतात ते दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन फोन, किंवा एक फोन आणि एक लॅपटॉप, आणि तारेचे इअरफोन.

कॉलमध्ये आवाज का बिघडतो?

कॉलवर आपला आवाज सलग जात नाही. ॲप त्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक तुकडे करतं, ते दाबून लहान करतं आणि एकामागून एक पाठवतं. रेंज कमी झाली की काही तुकडे उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. उशिरा आलेल्या तुकड्यासाठी थांबलं तर बोलणं अडखळेल, म्हणून ॲप तो टाकून देतं आणि रिकामी जागा अंदाजाने भरतं. आपण ज्याला 'रोबोसारखा आवाज' म्हणतो, तो हाच अंदाज.

दुसरं कारण नेटवर्कचं नाही, ॲपचं स्वतःचं आहे. पंखा, मिक्सर, गाडी असे आवाज गाळण्याची सोय त्यात असते. ही गाळणी बोलणं आणि गोंगाट यांत फरक करते, पण हळू आवाज, दाटलेला गळा, उसासा यांनाही ती कधी कधी गोंगाट समजून दाबते. म्हणजे मुलाखतीत जो क्षण सगळ्यात मोलाचा, त्यावरच तिची कात्री चालते. चाचांच्या बाबतीत नेमकं तेच झालं असावं, कारण त्या वेळी व्हिडिओ अडखळला नव्हता. फक्त आवाज गेला.

तिसरं कारण आपली सवय. पाहुणे फोनचा स्पीकर लावून बसले असतील तर आपला आवाज त्यांच्या फोनमधून बाहेर पडून पुन्हा त्यांच्याच माइकात जातो. तो प्रतिध्वनी आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून ॲप आपण बोलत असताना त्यांचा माइक दाबतं. आपण अदबीने 'हो चाचा, हो हो' म्हणत राहतो, आणि प्रत्येक 'हो'ला त्यांचा एकेक शब्द खाल्ला जातो.

या तिन्हींवर एकच उपाय आहे. कॉल फक्त बोलण्यासाठी ठेवायचा, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग प्रत्येकाने आपापल्या जागी, वेगळ्या उपकरणावर करायचं. चाचांचा आवाज चाचांच्या घरीच रेकॉर्ड झाला, तर तो नेटवर्कमधून जातच नाही. कॉल तुटला तरी त्यांचं वाक्य त्यांच्याकडे शाबूत राहतं. नंतर दोन्ही फाइली एकत्र जुळवायच्या.

दोन फोन कशासाठी?

बऱ्याच जणांना वाटतं, ज्या फोनवर कॉल चालू आहे त्यावरच रेकॉर्डर लावावा. तसं होत नाही. कॉल चालू असताना माइक कॉलच्या ॲपकडे असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर त्या वेळी दुसरा रेकॉर्डर चालू केला तर तो चालू झाल्यासारखा दिसतो, सेकंदही मोजतो, पण फाइलमध्ये शांतता असते. आयफोनवरही कॉल आणि Voice Memos एकत्र चालत नाहीत. म्हणून कॉलचा फोन वेगळा आणि रेकॉर्डिंगचा फोन वेगळा.

रेकॉर्डिंगचा फोन जुना चालतो, सिमकार्ड नसलेलाही चालतो. त्यात आधीपासून असलेलं रेकॉर्डरचं ॲप पुरेसं आहे. दर्जा निवडायचा पर्याय असेल तर High घ्या. एक तासाच्या m4a फाइलला साधारण 60 एमबी जागा लागते, wav असेल तर सुमारे 350 एमबी. बोलण्यासाठी m4a पुरते. फोनमध्ये 1 जीबी मोकळी जागा आणि पुरेशी बॅटरी आहे ना, ते आदल्या दिवशीच बघून घ्या.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तो फोन विमान मोडवर टाका, हे विसरू नका. मध्येच कुणाचा फोन आला तर काही रेकॉर्डर तिथेच थांबतात आणि पुन्हा आपोआप सुरू होत नाहीत. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन बंद झाल्यावर रेकॉर्डर बंद करतात. हे ओळखायचं असेल तर आदल्या दिवशी स्क्रीन बंद ठेवून वीस मिनिटं रेकॉर्डिंग लावा आणि फाइल पूर्ण वीस मिनिटांची आहे का ते बघा.

पाहुण्यांकडे एकच स्मार्टफोन असेल तर? अशा वेळी चित्राचा मोह सोडा. साध्या बटणवाल्या फोनवर नेहमीचा कॉल लावा, तो त्यांनी कानाला धरावा, आणि स्मार्टफोन समोर ठेवून रेकॉर्डिंग करावं. चेहरा दिसणार नाही, पण आवाज उत्तम येईल. पाहुण्यांकडे चांगला संगणक आणि क्रोम ब्राउझर असेल तर रिव्हरसाइड किंवा झेनकास्टर अशा सेवाही आहेत. त्या दोन्हीकडचा आवाज आपापल्या संगणकावरच रेकॉर्ड करून नंतर वर चढवतात. त्यात एकच पथ्य: फाइल पूर्ण चढेपर्यंत पाहुण्यांनी खिडकी बंद करायची नाही. बुजुर्गांच्या बाबतीत मात्र दोन फोनांची पद्धतच सोपी पडते.

इअरफोन तारेचेच घ्या

दोन्ही बाजूंनी इअरफोन लावणं सक्तीचं आहे. नाहीतर चाचांच्या समोर ठेवलेल्या रेकॉर्डरमध्ये चाचांबरोबर आमचाही आवाज स्पीकरमधून शिरेल. पुढे दोन्ही फाइली जुळवल्या की आमचा आवाज दोनदा ऐकू येईल, एकदा स्वच्छ आणि एकदा लांबून, आणि सगळं पोकळ वाटेल.

ब्लूटूथचे इअरफोन टाळा. त्यांचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा ते कॉलसाठीच्या हलक्या दर्जावर उतरतात, आणि ऐन मुलाखतीत त्यांची बॅटरी संपते. नव्या फोनला गोल पिनची जागा नसेल तर चार्जिंगच्या जागी लागणारे तारेचे इअरफोन मिळतात, किंवा जोडणीची छोटी पिन मिळते.

कमी ऐकू येणाऱ्या बुजुर्गांच्या इअरफोनचा आवाज फार वाढवला तर तो कानाबाहेर गळतो आणि रेकॉर्डरमध्ये शिरतो. हे तपासायला रेकॉर्डर लावून आपण पुण्याकडून दहा सेकंद बोलायचं आणि पाहुण्यांनी गप्प बसायचं. मग ती फाइल ऐकायची. पुसटशी कुजबुज आली तर चालेल. शब्द कळत असतील तर आवाज कमी करा, किंवा प्रश्न जवळ बसलेल्या माणसाने ऐकून पाहुण्यांना सांगावा.

खोली निवडणं

आपल्या जागी रेकॉर्डिंग केल्याने नेटवर्कचा आणि ॲपचा त्रास संपतो, खोलीचा संपत नाही. उलट ॲपची गाळणी आता मध्ये नसल्यामुळे खोलीतला प्रत्येक आवाज फाइलमध्ये येतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंख्यासारखा सलग आवाज नंतर थोडाफार कमी करता येतो. पण खोली घुमत असेल तर ते घुमणं नंतर नीट काढता येत नाही. म्हणून फरशी, उघड्या भिंती आणि कमी सामान असलेला दिवाणखाना दिसायला चांगला असला तरी मुलाखतीला वाईट. गाद्या, उशा, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली झोपायची खोली चांगली. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टण्ण' असा शेपटीसारखा आवाज राहिला तर खोली घुमते आहे. मग समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा आणि फरशीवर चटई अंथरा.

पंखा बंद ठेवावा लागतो, आणि उन्हाळ्यात बुजुर्गांना तसं बसवणं योग्य नाही. म्हणून सकाळची वेळ धरा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पंखा लावून विसावा द्या. मस्जिद घराजवळ असेल तर अजानची वेळ सोडून मुलाखत ठेवा, शाळेच्या सुट्टीची आणि भाजीवाल्याच्या फेरीचीही. ही माहिती गावातल्या माणसालाच विचारायची. आम्हाला पुण्यात बसून ती कळत नव्हती.

रेकॉर्डरचा फोन कुठे ठेवायचा?

तोंडापासून एक वीत अंतरावर, थोडा बाजूला. अगदी समोर ठेवला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळते आणि धप्प असा आवाज येतो. फोन टेबलावर नुसता ठेवू नका. घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलावर बोटं वाजली, चहाचा कप ठेवला तर तो धक्का माइकपर्यंत पोचत नाही. फोनचा माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला, चार्जिंगच्या जागेजवळ असतो. ती कड बोलणाऱ्याकडे हवी आणि बोटाने किंवा कव्हरने झाकलेली नको.

अंतर फार महत्त्वाचं आहे. फोन हातभर लांब गेला की बोलणं लहान होतं आणि खोलीचा आवाज आहे तेवढाच राहतो. नंतर आवाज वाढवला तर दोन्ही एकत्र वाढतात. वीतभर अंतरावर ठेवलेला साधा फोन हातभर लांबच्या महागड्या माइकपेक्षा बरं काम करतो.

पातळी तपासताना पाहुण्यांना नुसतं 'हॅलो' म्हणायला लावू नका. त्यांना मोठ्याने हसवा, कुणाला हाक मारायला सांगा. रेकॉर्डरच्या पडद्यावर लहरी दिसतात. मोठ्या आवाजाला त्या वरच्या कडेला टेकून सपाट कापल्यासारख्या दिसल्या तर आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. फोन चार बोटं मागे सरकवा आणि पुन्हा तपासा.

पलीकडे एक माणूस हवाच

या सगळ्या पद्धतीचा खरा आधार पाहुण्यांजवळ बसलेला माणूस आहे. आमच्या वेळी चाचांचा नातू होता, अकरावीतला. रेकॉर्डर सुरू करणं, विमान मोड, टॉवेल, पंखा आणि शेवटी फाइल पाठवणं ही कामं चाचांवर टाकली असती तर त्यांचं लक्ष फोनकडेच राहिलं असतं, आठवणींकडे गेलं नसतं.

नातवाला आम्ही आदल्या रात्री फोन करून फक्त पाच कामं लिहून घ्यायला सांगितली: दुसरा फोन चार्ज करणे, जागा मोकळी करणे, विमान मोड, टॉवेलवर वीतभर अंतर, आणि मुलाखत संपल्यावर आम्ही सांगेपर्यंत रेकॉर्डिंग बंद न करणे. शेवटचं काम ऐकायला साधं आहे. पण सगळ्यात चांगली गोष्ट बऱ्याचदा 'झालं बाबा' म्हटल्यानंतरच निघते.

मुलाखतीच्या दिवशी काय काय केलं

रविवार सकाळ. साडेदहाला आम्ही नातवाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल केला. हा फक्त तपासणीचा कॉल होता. त्याने एक मिनिट रेकॉर्डिंग केलं, थांबवलं आणि ती फाइल लगेच पाठवली. ऐकली तर मागे बारीक गुणगुण होती. भिंतीपलीकडे फ्रीज होता. तो तासाभरासाठी बंद केला, आणि पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून नातवाने घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली. दुसरी एक मिनिटाची फाइल स्वच्छ आली.

मग दोन्हीकडचे रेकॉर्डर सुरू केले, विमान मोडवर. त्यानंतर लॅपटॉपवरून झूमची मीटिंग लावली. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग 40 मिनिटांनी संपते, म्हणून तपासणी वेगळ्या कॉलवर उरकून घेतली होती. झूममध्ये लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही सुरू केलं. ते अंतिम वापरासाठी नव्हतं. त्याचे दोन उपयोग आहेत: एखादा फोन दगा देऊ लागला तर काहीतरी हातात राहतं, आणि दोन्ही फाइली जुळवताना ते नमुना म्हणून कामी येतं. झूमच्या Recording या सेटिंगमध्ये Record a separate audio file for each participant अशी खूण आहे, ती लावून ठेवा. पण लक्षात असू द्या, पाहुण्यांची ती वेगळी फाइलही नेटवर्कमधून आलेलीच असते. ती पाहुण्यांजवळच्या रेकॉर्डिंगची जागा घेऊ शकत नाही.

आता खूण करायची. पुस्तकात टाळी वाजवा असं सांगतात. आम्ही तसं करून बघितलं, तर झूमच्या गाळणीने टाळी गोंगाट समजून जवळजवळ पुसून टाकली होती. म्हणून टाळीबरोबर तोंडाने जोरात 'टक' म्हणायचं. 'ट'ची सुरुवात एकदम होते, त्यामुळे लहरींमध्ये तिची कड स्पष्ट दिसते. आधी नातू 'टक' म्हणाला, मग आम्ही म्हणालो.

त्यानंतर रेकॉर्डिंगवरच दिनांक, गाव आणि चाचांचं नाव बोललो आणि विचारलं, "चाचा, तुमचं बोलणं आम्ही रेकॉर्ड करतोय. घरच्यांना आणि शाळेतल्या मुलांना ऐकवायची तुमची इजाजत आहे ना?" ते "हो, आहे" म्हणाले. एखादी गोष्ट नंतर नको वाटली तर आम्ही ती काढून टाकू, हेही सांगितलं. ही परवानगी आवाजातच घेतलेली बरी.

मुलाखत चालू असताना आम्ही 'हो', 'बरं', 'अच्छा' म्हणणं बंद केलं आणि फक्त मान हलवली. चाचांना आधीच सांगितलं होतं, "आम्ही गप्प राहिलो तरी ऐकतोय." त्यांचं वाक्य संपल्यावर मनात दोन अंक मोजून मग पुढचा प्रश्न विचारायचा. त्याने नंतर जोडणं-तोडणं सोपं होतं, आणि बुजुर्ग माणूस त्या थांब्यात बऱ्याचदा पुढचं आपणहून सांगतो.

मध्ये दोनदा कॉल अडकला. पहिल्यांदा आम्हाला त्यांचं जवळजवळ एक वाक्य ऐकू आलं नाही. पूर्वी असतं तर 'चाचा, पुन्हा सांगा' म्हटलं असतं. या वेळी नातवाकडे बघितलं, त्याने रेकॉर्डरचे सेकंद चालू असल्याची खूण केली, आणि आम्ही चाचांना थांबवलं नाही. शेवटी पुन्हा 'टक' केलं, आणि खोलीत अर्धा मिनिट सगळे गप्प बसलो. ही शांतता पुढे उपयोगी पडते.

फाइल पाठवणं

नातवाकडची फाइल 41 मिनिटांची, सुमारे 40 एमबीची झाली. व्हॉट्सॲपवर ती Document म्हणून पाठवायची, म्हणजे आहे तशीच पोचते. रेकॉर्डिंग दुसऱ्या फोनवर वाजवून त्याचा व्हॉइस मेसेज करणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. रेंज कमी असेल तर घाई नको, रात्री वाय-फाय मिळाल्यावर पाठवली तरी चालते. आम्ही पूर्ण फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून 'मिळाली' म्हणेपर्यंत मूळ फाइल त्या फोनवरून पुसायची नाही, हे नातवाला दोनदा बजावलं होतं.

दोन्ही आवाज जुळवणं

यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. विंडोजवर त्यात m4a फाइल उघडायला FFmpeg हा जोड वेगळा बसवावा लागतो. तीन फाइली एकाखाली एक घ्या: वर झूमची, मधे पाहुण्यांची, खाली आपली.

झूमच्या फाइलमध्ये नातवाचं पहिलं 'टक' 41.2 सेकंदांवर होतं. त्याच्या फोनच्या फाइलमध्ये तेच 3 मिनिटं 7.5 सेकंदांवर होतं, कारण रेकॉर्डर आधी सुरू केला होता. म्हणजे त्याची फाइल 2 मिनिटं 26.3 सेकंद पुढे होती. सुरुवातीचा तेवढा भाग कापला, की दोन्ही 'टक' एका रेषेत आले. आपल्या फाइलचंही असंच, आपल्या 'टक'वरून. बारीक सरकवायचं असेल तर पट्टीच्या वरच्या कडेला धरून ओढायचं.

मग शेवटचं 'टक' बघा. प्रत्येक फोनचं घड्याळ किंचित वेगळ्या वेगाने चालतं, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये फाइली हळूहळू एकमेकींपासून सरकतात. आमच्या 36 मिनिटांत फरक 0.09 सेकंदाचा निघाला. नुसता आवाज ऐकणाराला तो कळत नाही, म्हणून आम्ही हात लावला नाही. फरक पाव-अर्ध्या सेकंदावर गेला तर उत्तर उशिरा आल्यासारखं किंवा प्रश्नावर चढल्यासारखं वाटतं. तेव्हा मधल्या एखाद्या थांब्यावर Ctrl+I ने पट्टी तोडून पुढचा भाग सरकवायचा. आवाजाबरोबर चित्रही वापरणार असाल तर एवढी ढील चालत नाही, ओठ आणि शब्द वेगळे पडलेले लगेच दिसतात.

जुळल्यावर झूमची पट्टी बंद करा. तिचं काम संपलं.

आता सफाई, तीही बेतानं. शेवटी ठेवलेली अर्ध्या मिनिटाची शांतता निवडा, Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबा, मग पूर्ण पट्टी निवडून तोच इफेक्ट लावा. Noise reduction चा आकडा 6 ते 8 ठेवा. जास्त केलं तर शब्दांच्या शेवटी पाण्याखालून बोलल्यासारखे बुडबुडे ऐकू येतात. तसं झालं तर उलटं जा. थोडी घरघर कानाला चालते, बुडबुडे चालत नाहीत.

शेवटी दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी Loudness Normalization लावा, आकडा दोन्हीकडे सारखा, समजा -18. त्याने प्रश्न मोठा आणि उत्तर लहान असं होत नाही. चाचांच्या उत्तराच्या मध्येच आमचा खोकला होता, तो आमच्या पट्टीवर निवडून Ctrl+L ने गप्प केला. दोघांचा आवाज वेगळा असल्यामुळेच हे जमलं. एकाच फाइलमध्ये असते तर खोकल्याबरोबर चाचांचे शब्दही गेले असते.

तयार फाइल लॅपटॉपवर ऐकून समाधान मानू नका. घरात लोक ती फोनच्या स्पीकरवर ऐकणार. तशीच ऐका, स्वयंपाकघरात बसून. तिथे शब्द कळले तर काम झालं.

तो निरोप

दुसऱ्या मुलाखतीत चाचांनी कोबेची हकीकत पुन्हा सांगितली. पहिल्यासारखी सविस्तर नाही. बंदरातल्या थंडीबद्दल या वेळी ते काहीच बोलले नाहीत, आणि तो भाग आता फक्त पहिल्या तुटक्या रेकॉर्डिंगमध्येच आहे. निरोपाजवळ त्यांचा आवाज पुन्हा खाली गेला. झूमच्या फाइलमध्ये त्या जागी यंदाही शांतताच आहे.

नातवाच्या फोनमध्ये मात्र सगळं आलं आहे. आधी एक उसासा, मग कपाची बारीक किणकिण, आणि मग चाचा हळूच सांगतात की आईने म्हणून ठेवलं होतं, "आला की आधी त्याला म्हणावं, विहिरीचा दोर बदल, झिजलाय." चाचा पोचले तोवर दोर कुणीतरी बदललेला होता. तरी त्यांनी बाजारातून नवा आणला आणि पुन्हा बदलला.

त्यांच्या नातवाने ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.